नाडी बाबांवर गेली की घरावर?



घरातल्या सगळ्यांची नाडी मोजून आणा, हा उपक्रम आपण अनेक शाळांत घेतो. मुलं आकडे आणतात आणि लगेच कुणीतरी म्हणतं, "सर, माझी आईसारखी आहे!" पालक त्यापुढे जातात. "आमच्या घरात सगळ्यांचीच नाडी जोरात, हा काय पळणार?" माझं मत स्पष्ट आहे. या आकड्यांवरून मुलाच्या पळण्याबद्दल निकाल देऊ नये.

आधी मोजणी बघू. बरीच मुलं पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. त्यात एक ठोका चुकला की उत्तर चार ठोक्यांनी चुकतं. म्हणून पूर्ण एक मिनिट मोजायला सांगा. सकाळी, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर ठेवून. अंगठा नको, त्याची स्वतःचीच नाडी लागते. आणि असं तीन दिवस करायचं.

समजा एका घरातले आकडे असे आले: बाबा ६८, आई ७६, अकरा वर्षांची ताई ८६, आठ वर्षांचा भाऊ पहिल्या दिवशी ९४, मग ८८, मग ९१. भाऊ आईवर गेला का? तसं म्हणता येत नाही. लहान मुलांची नाडी मोठ्यांपेक्षा जलदच असते आणि वयाबरोबर कमी होत जाते. त्यामुळे मुलाची तुलना त्याच्या वयाच्या मुलांशी करायची. ताई-भावातला फरकही बराचसा वयाचाच असू शकतो. शिवाय भावाचा स्वतःचाच आकडा तीन दिवसांत सहाने हलला. पाच-सहा ठोक्यांच्या फरकावर नातं जोडण्यात अर्थ नाही.

मग आनुवंशिकतेचा वाटा नाहीच का? आहे. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांत तो दिसतो. कुटुंबांच्या अभ्यासांत साधारण एक तृतीयांश, तर जुळ्यांच्या अभ्यासांत त्याहून जास्त. पण याचा अर्थ तुमच्या ७२ ठोक्यांपैकी २४ आई-बाबांनी दिले असा होत नाही. माणसामाणसांच्या नाडीत जो फरक दिसतो, त्या फरकाचा तेवढा भाग आनुवंशिकतेशी जोडता येतो, इतकंच. एकट्या मुलाबद्दल तो आकडा काही सांगत नाही.

सरावाचं काय? अमेरिका आणि कॅनडात १९९०च्या दशकात हेरिटेज फॅमिली स्टडी हा अभ्यास झाला. व्यायाम न करणारे आई-वडील आणि त्यांची सतरा वर्षांवरची मुलं यांच्याकडून वीस आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, जागेवरची सायकल चालवून घेतली. विश्रांतीची नाडी सरासरी तीन-चार ठोक्यांच्या आसपासच उतरली. म्हणजे पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर होतो तेवढाच फरक! मात्र तेवढंच काम करताना, म्हणजे ठरलेल्या जोरावर सायकल चालवताना, नाडी त्याहून बरीच जास्त उतरली. सराव बसल्या जागी फारसा दिसत नाही, काम करताना दिसतो.

म्हणून शारीरिक शिक्षणाच्या तासाला वेगळी नोंद ठेवावी. मैदानाच्या त्याच दोन फेऱ्या, त्याच वेगाने, आणि थांबल्यावर लगेच नाडी. दोन महिन्यांनी पुन्हा तसंच. तुलना मुलाची त्याच्या स्वतःच्याच जुन्या आकड्याशी. भावाशी नाही, बाबांशीही नाही.

आता एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आई आणि बाबा एकमेकांच्या रक्ताचे नसतात. तरी कधी कधी त्यांची नाडी जवळपास येते, कारण झोप, चहा, जेवण, कष्ट एकाच घरातले. घरात जे सारखं दिसतं ते सगळं आनुवंशिक नसतं. आई आणि मुलगी दोघींची नाडी जोरात, दोघी लवकर दमतात, चेहरा फिकट, तर "आमच्याकडे असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की प्रत्येक ठोक्यात प्राणवायू कमी पोहोचतो, म्हणून हृदय जास्त वेळा धडधडतं. आणि दोघींचं ताट एकच असतं. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. साधी रक्ततपासणी आहे, आणि कमतरता निघाली तर उपचार करता येतो.

वहीतला नाडीचा तक्ता जरूर करून घ्या. फक्त त्याखाली "कोणावर गेला?" हा प्रश्न लिहू नका. "घरात आणखी काय काय सारखं आहे?" हा लिहा.