भाकिते विकणाऱ्यांचा धंदा

कापसाचे आणि सट्ट्याचे नाते जुने आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व मिटत्या भावांवर मुंबईत पैजा लागत; ते भाव येणे बंद झाल्यावर १९६०च्या दशकात मटका उभा राहिला. त्यापाठोपाठ उद्याचा आकडा सांगणारेही आले. आज कापूसपट्ट्यातील नांदुऱ्यासारख्या गावी आकड्याची जागा मोबाइलवर चढणाऱ्या विमानाने घेतली आहे, आणि आकडा सांगणाऱ्याची जागा ‘प्रेडिक्टर’ ॲपने व टेलिग्रामवरील ‘सिग्नल’ने.

‘एव्हिएटर’ या खेळात विमान उडताच गुणक १ पासून वाढू लागतो. विमान नाहीसे होण्यापूर्वी पैसे काढले तर लावलेल्या रकमेच्या तितके पट मिळतात. एरवी सारी रक्कम बुडते. ते कोठे नाहीसे होणार, हे सर्व्हरचा एक गुप्त संकेत आणि त्या फेरीत प्रथम पैसे लावणाऱ्या तिघांचे संकेत यांच्या मिश्रणातून ठरते. म्हणजे फेरीसाठी पैसे लागेपर्यंत उत्तर अस्तित्वातच नसते. जे ठरलेलेच नाही, ते ॲपला कोठून कळणार? मागील फेऱ्यांच्या याद्याही निरुपयोगी, कारण प्रत्येक फेरी स्वतंत्र असते. आणि एखाद्या बनावट खेळात चालकच निकाल ठरवीत असेल, तर तो खेळाडूच्या हितासाठी खासच ठरवीत नाही.

तरीही ‘सिग्नल’ खरे ठरताना दिसतात, यातच खरी मेख आहे. खेळाडूंना एकूण ९७ टक्के परत देणाऱ्या या खेळात विमान १.२० च्या पुढे जाण्याचा संभव सुमारे ८१ टक्के असतो. तेव्हा डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘१.२० वर काढा’ म्हणणाराही पाचांत चारदा खरा ठरतो. हिशेब मात्र निराळा आहे. शंभर फेऱ्यांत प्रत्येकी १०० रुपये लावले, तर ८१ वेळा वीस-वीस रुपये मिळून १,६२० रुपये येतील आणि उरलेल्या १९ वेळा शंभर-शंभर गमावून १,९०० रुपये जातील. दोनपटीवर काढा वा दहापटीवर, दीर्घकाळात सरासरी तूट तीच, शंभरी तीन रुपये.

मग भाकीत फुकट का वाटले जाते? ‘आमच्याच दुव्यावरून खाते उघडा’ या अटीत त्याचे उत्तर आहे. अशा दुव्यावरून आलेल्या खेळाडूच्या तोट्यातील हिस्सा बहुधा दलालीरूपाने मिळतो. मार्गदर्शकाची मिळकत अनुयायाच्या बुडण्यावर चालते. यशाची छायाचित्रे जपली जातात, फसलेले ‘सिग्नल’ पुसले जातात. पुसता न येणारी, फेरीपूर्वी नोंदलेली सलग शंभर भाकिते व त्यांचा रुपयांतील हिशेब मागावा. तो कोणी देत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बंदी आडमार्गाने चुकविता येते; शंभरी तीन रुपयांची तूट कोणत्याही मार्गाने चुकत नाही.