गप्प बसलेली मुलगी आणि उशिरा पोहोचणारा आवाज

अमरावती-अकोल्याच्या मुलांना पुण्यातल्या नोकरीची मुलाखत आता घरी बसून देता येते. मुलींसाठी ही मोठीच सोय आहे. रात्रभराचा प्रवास नाही आणि सोबत कोण जाणार, हा प्रश्नही नाही. पण अशा मुलाखतीनंतर ‘आत्मविश्वास कमी आहे’ असा शेरा आला की मला तो सहजासहजी पटत नाही. लाईनमुळे झालेला उशीर कित्येकदा उमेदवाराच्या नावावर लिहिला जातो.

माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकलेली अकोल्याची एक मुलगी आता बीसीए झाली आहे. मे महिन्यात मी तिची सराव मुलाखत घेतली. मी अमरावतीत, ती अकोल्यात. प्रश्न विचारला की ती गप्प. मी पुन्हा विचारू लागले की नेमकी तेव्हाच ती बोलू लागायची, मग दोघीही थांबायचो. वर्गात हीच मुलगी प्रश्न पूर्ण होण्याआधी हात वर करायची.

हिशेब साधा आहे. समोरासमोर बोलताना एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा साधारण एक पंचमांश सेकंदात सुरू होतो. 2009 साली दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात भाषेगणिक थोडा फरक दिसला, पण सवय सगळीकडे हीच. आता आवाज एका बाजूने पोहोचायला 0.4 सेकंद लागतात असं धरा. माझा प्रश्न तिच्यापर्यंत जायला 0.4, तिला सुरू करायला 0.2, तिचा आवाज परत यायला 0.4. तिने जराही वेळ घेतला नाही, तरी मला पूर्ण एक सेकंद शांतता ऐकू आली. मुलाखतीत एवढी शांतता ‘अडखळली’ अशीच वाटते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे हा एकतर्फी उशीर 0.15 सेकंदाच्या आत असला तर संभाषण सहज चालतं. 0.4 च्या पुढे तो जाऊच नये.

यावर क्लासवाले सांगतात, ‘पटापट बोला’. त्याने धडक आणखी वाढते. मी तिला उलटं सांगितलं. प्रश्न संपताच फक्त ‘जी मॅडम’ म्हण, म्हणजे प्रश्न पोहोचल्याचं समोरच्याला कळेल. मग हवा तितका विचार कर. उत्तर संपलं की ‘एवढंच सांगायचं होतं’ असं स्पष्ट म्हण, नाहीतर पुढची शांतता कोणाची हे कळत नाही. दोघं एकदम बोललो तर ‘आधी तुम्ही’ म्हण आणि खरोखर थांब, मनात दोन आकडे मोजेपर्यंत. आवाज तुटला तर ‘हॅलो, हॅलो’ करू नकोस. ‘प्रोजेक्टचं नाव ऐकू आलं, पुढचं नाही’ असं सांग, म्हणजे प्रश्न पहिल्यापासून सांगावा लागत नाही. तरीही तुटत राहिलं, तर परवानगी मागून व्हिडिओ बंद कर. नुसत्या आवाजाला चित्राच्या मानाने फार थोडं नेट लागतं.

दुसरी अडचण कूलरची. आपल्याकडे मे महिन्यात तो बंद करा म्हणणं म्हणजे जुलूमच! पण कूलरची घरघर दाबताना ॲप शब्दांची टोकंही खाऊन टाकतं, आणि स, श, फ आधी जातात. वर्षानुवर्षं घासलेला तलफ्फुज असा वाया जातो. म्हणून खोली आधी गार करून घ्यायची आणि तेवढा अर्धा तास कूलर बंद ठेवायचा. फोनच्या स्पीकरपेक्षा वायरचा साधा इअरफोन चांगला. स्पीकर चालू असला की प्रतिध्वनी टाळण्यासाठी ॲप कधीकधी एका बाजूचा आवाजच दाबतं. मात्र वायरवरचा माइक ओढणीवर घासला की खरखर ऐकू जाते आणि ती बोलणाऱ्याला कळत नाही. एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकलं की लगेच समजतं.

नजरेचं म्हणाल तर आपल्या मुली मोठ्यांसमोर नजर खाली ठेवतात, तो अदब आहे. पडद्यावर मात्र सरळ चेहऱ्याकडे पाहणाराही खाली पाहताना दिसतो, कारण कॅमेरा वर असतो. सुदैवाने पाहणाऱ्याला खालच्या बाजूचा सुमारे पाच अंशांचा फरक खटकत नाही, बाजूचा मात्र लगेच खटकतो. फोन 60 सेंटिमीटरवर असेल तर पाच अंश म्हणजे जेमतेम पाच सेंटिमीटर. म्हणून फोन उभा ठेवायचा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, आणि समोरच्याचा चेहरा शक्य तितका वर, कॅमेऱ्याजवळ. आडवा ठेवला तर कॅमेरा बाजूला जातो आणि मुलगी नजर चोरते आहे असं वाटतं.

पण हे सगळं उमेदवारानेच का सांभाळावं? पुण्यात चांगल्या नेटवर बसलेल्या माणसाने प्रश्न विचारून दोन सेकंद थांबायला काय हरकत आहे? सुरुवातीलाच ‘आवाज उशिरा येतोय, सावकाश बोला’ एवढं तरी त्याने म्हणावं. सरावाच्या दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. लाईन तशीच होती, पण त्या मुलीने आपला प्रोजेक्ट सलग चार मिनिटं समजावून सांगितला.