संमतीची नोंद मागा

मोबाईल कंपनीची तक्रार घेऊन मार्गदर्शन केंद्रात येणारा ग्राहक बहुतेक वेळा एवढंच सांगतो, "मी काहीच सुरू केलं नव्हतं, तरी पैसे कापले." आपले कार्यकर्ते तेच वाक्य ईमेलमध्ये उतरवतात आणि खाली लिहितात, "कृपया रक्कम परत करावी." त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "सेवा आपल्याच क्रमांकावरून सुरू झाली होती, आता बंद केली आहे." तिथेच तक्रार निकाली निघाल्याची नोंद होते. अशा ईमेलमध्ये कंपनीने काही दाखवावं अशी मागणीच नसते, म्हणून तिचं काम इतकं सोपं होतं.

ट्रायच्या १० जुलै २०१३ च्या निर्देशानुसार मूल्यवर्धित सेवा सुरू करण्यासाठी ग्राहकाची दोनदा संमती लागते. दुसरी संमती सेवा विकणाऱ्याच्या यंत्रणेतून घेऊन चालत नाही, ती त्रयस्थ यंत्रणेमार्फत घ्यावी लागते. म्हणजे सेवा रीतसर सुरू झाली असेल, तर त्या दुसऱ्या संमतीची नोंद कुठेतरी असायलाच हवी. ती नोंद मागणं हा आपल्या ईमेलचा कणा असला पाहिजे. "मी संमती दिली नाही" हे ग्राहक सिद्ध करू शकत नाही. दिली असेल तर ते दाखवणं कंपनीच्या हातात आहे.

एका केंद्राकडून आलेलं प्रकरण पाहा. एका निवृत्त शिक्षिकेचा प्रीपेड क्रमांक होता. अमर्याद कॉलचा पॅक असल्यामुळे मुख्य शिलकीकडे त्यांचं लक्षच नसे. परदेशी फोन करण्यासाठी टॉप-अप टाकला, तेव्हा शिल्लक गळत असल्याचं त्यांना कळलं. दर आठवड्याला ३५ रुपये, अशी चार वेळा कपात होऊन १४० रुपये गेले होते. कारण होतं एक गेम सेवा. घरातलं नातवंड आजीच्या फोनवर खेळतं, हेही बोलता बोलता पुढे आलं.

हा तपशील कार्यकर्त्याने लपवला नाही, हे योग्यच झालं. मोबाईल डेटावर पान उघडलं, तर ग्राहकाने क्रमांक न टाकताही तो सेवा विकणाऱ्यापर्यंत पोचू शकतो. जाहिरातीवर एक बोट पडलं तरी मागणी नोंदली जाते. पण ती झाली पहिली पायरी. दुसऱ्या पानावर सेवेचं नाव, दर आणि मुदत स्पष्ट दिसत होती का, आणि तिथे पुन्हा होकार दिला गेला का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून ईमेलमध्ये "आमच्या घरात कुणीच हात लावला नाही" असं ठासून लिहू नये. नोंदीतून उलटं निघालं, तर सगळी तक्रारच संशयास्पद ठरते.

त्यांच्या ईमेलचा मुख्य भाग असा होता:

"माझ्या क्रमांकाच्या मुख्य शिलकीतून सोबत जोडलेल्या चार तारखांना प्रत्येकी ३५ रुपये, एकूण १४० रुपये, गेम सेवेपोटी कापले गेले. ही सेवा मी जाणीवपूर्वक घेतलेली नाही. दुसऱ्या संमतीची नोंद द्यावी: तारीख, वेळ, संमतीचा मार्ग आणि त्या वेळी पडद्यावर दाखवलेला मजकूर व दर. अशी नोंद नसल्यास १४० रुपये मुख्य शिलकीत जमा करावेत. सेवा बंद करणे ही वेगळी मागणी असून केवळ तेवढ्यावर ही तक्रार निकाली काढू नये. तक्रार क्रमांक कळवावा."

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. बंद करणं आणि परतावा यांची गल्लत तिथेच टळते. सेवा बंद करण्यासाठी ईमेलच्या उत्तराची वाट पाहायचं कारण नाही. १५५२२३ या मोफत क्रमांकावर फोन करून ती लगेच बंद करता येते. मात्र त्याआधी कपातीचे एसएमएस आणि चालू सेवांची यादी यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. एसएमएस पुसले गेले असतील, तर प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागता येतो आणि त्यासाठी ५० रुपयांहून जास्त शुल्क घेता येत नाही. तक्रारीची रक्कम लहान असेल, तर आधी एसएमएसवरच भागतं का ते पाहावं.

शिक्षिकाबाईंना पहिल्या उत्तरात सद्भावना म्हणून ७० रुपये देऊ केले गेले. नोंदीबद्दल एक अक्षर नव्हतं. निम्मी रक्कम स्वीकारून गप्प बसावं की नाही, हे ग्राहकाने ठरवायचं. पण नोंद दिली नाही, याचा उल्लेख करून अपील करण्याचा मार्ग आहे, हे त्याला सांगणं आपलं काम. २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येतं, शुल्क लागत नाही आणि निर्णय ३९ दिवसांत यायला हवा. अपिलात मूळ तक्रार क्रमांक लागतो, म्हणून फोनवर केलेल्या तक्रारीचाही क्रमांक टिपून ठेवायला हवा. बाईंनी अपील केलं. नोंद शेवटपर्यंत आली नाही, १४० रुपये मात्र जमा झाले.

तिथेही दाद मिळाली नाही, तर ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्धची तक्रार आयोग ऐकू शकत नाही, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळला आहे. आयोगात जाताना नोंद मागणारा तो ईमेल आणि त्याला आलेलं उत्तर ही दोन पानं सर्वांत वर लावा.