तासाभराची धाव आणि आदल्या रात्रीचे ताट

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की आपल्या वाचकांपैकी प्रत्येकाला, मग तो आहारतज्ज्ञ असो की धावण्याचा प्रशिक्षक, एक प्रश्न हमखास येतो : ‘दहा किलोमीटरला जेल किती घेऊ?’ विचारणारा बहुधा चाळिशीतला असतो. नोकरी-घर सांभाळून आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे तासभर धावतो आणि त्या तासात आठ-दहा किलोमीटर जातो. आपल्यातले बरेच जण त्याला मॅरेथॉनचाच तक्ता काढून देतात : दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके. तक्ता खरा आहे, पण तो तासाच्या बऱ्याच पुढे जाणाऱ्या श्रमासाठी आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या आहारतज्ज्ञांच्या संघटना व अमेरिकेतील क्रीडावैद्यकाची संस्था यांनी २०१६ साली मिळून काढलेल्या निवेदनात हा भेद स्पष्ट आहे. पाऊण तासाच्या आत धावताना काही घेण्याची गरज नाही. पाऊण ते सव्वा तासाच्या जोरकस श्रमात अगदी थोडे, किंवा नुसती चूळही चालेल.

तरीही तासाभराच्या धावेत ‘संपल्यासारखे’ वाटणारे लोक असतात आणि त्यांची तक्रार खरी असते. म्हणूनच त्यांना जेल देण्याआधी थांबून पाहायला हवे.

नेहमी भेटणाऱ्या प्रकारातले एक उदाहरण घेऊ. बेचाळीस वर्षांची स्त्री, वजन ६० किलो. पहाटे पावणेसहाला उपाशीपोटी निघते आणि तासात ९ किलोमीटर धावते. तक्रार अशी : पाय पहिल्या किलोमीटरपासून जड, आणि चाळीस मिनिटांनंतर डोके हलके होते. गटातल्या कुणाच्या सांगण्यावरून तिने तिसाव्या मिनिटाला जेल घेऊन पाहिले. डोके थोडे सुधारले, पाय तसेच राहिले, वर पोटात ढवळले.

आता हिशेब करू. सपाट रस्त्यावर धावताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी लागते. म्हणजे तिचा खर्च ५४० किलोकॅलरींच्या आसपास. या वेगाला त्यातला दोन-तृतीयांश भाग कर्बोदकांतून आला असे धरले, तर जळतात सुमारे ९० ग्रॅम. नीट जेवणाऱ्या माणसाच्या स्नायूंत मिळून ३०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लायकोजेन असते, यकृतात ८० ते १०० ग्रॅम. साठा पुरून उरायला हवा. मग अडते कुठे?

दोन ठिकाणी अडते, आणि ती दोन्ही वेगवेगळी आहेत. स्नायू आपले ग्लायकोजेन रक्तात सोडू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारे विकर त्याच्याकडे नसते. त्यामुळे दंडातला साठा पोटरीच्या कामी येत नाही. त्याच कारणाने रात्रीच्या झोपेत स्नायूंचा साठा फारसा घटतही नाही. घटते ते यकृतातले, कारण मेंदूला रात्रभर ग्लुकोज पुरवण्याचे काम यकृताचे. पहाटेपर्यंत तिथला साठा निम्म्याच्या आसपास आलेला असतो. रात्रीचे जेवण तुटपुंजे असेल तर त्याहूनही खाली. तेव्हा पहाटे उपाशी धावणाऱ्याचे यकृत अर्धे रिकामे असते आणि स्नायू भरलेले असतात. पण ते भरलेले केव्हा? आदल्या दोन-तीन दिवसांत भरले असतील तर.

या बाईंचे ताट पाहा. धावून आल्यावर दोन अंडी आणि दोन टोस्ट, दुपारी तीन फुलके, भाजी, वाटीभर वरण, दोन वेळा साखरेचा चहा, एक फळ. रात्री सूप, सॅलड आणि पनीर. भात वर्षभरापूर्वी बंद केला, भाकरी तर कधीचीच. ढोबळ मोजले तर दिवसाची कर्बोदके १६० ग्रॅम, म्हणजे किलोमागे पावणेतीन ग्रॅमच्या आत. रोज तासभर मध्यम व्यायाम करणाऱ्याला किलोमागे ५ ते ७ ग्रॅम सांगितले जातात. आठवड्यातून चारच दिवस धावणाऱ्या या बाईंना साडेचार धरले तरी २७० होतात. शंभरेक ग्रॅमची तूट रोजची आहे. प्रत्येक धावेत स्नायूंतून काढलेले पुरते परत भरतच नाही, म्हणून पाय पहिल्या किलोमीटरला जड. त्यावर तिसाव्या मिनिटाचे जेल काय करणार? धावताना घेतलेल्या साखरेपैकी पहिल्या तासात प्रत्यक्ष जळते ती जेमतेम पंधराएक ग्रॅम, तीही बहुतेक शेवटाकडे.

इथे लक्षणांवरून निदान करता येते, आणि ते आपल्या कामाचे मर्म आहे. पाय सुरुवातीपासून जड, सोपा वेगही अवघड वाटतो, आणि साखर घेऊन फरक पडत नाही : स्नायूंचा साठा अपुरा, आदले दोन-तीन दिवस तपासा. सुरुवात छान, पण चाळीस मिनिटांनंतर थरथर, गार घाम, चिडचिड, आणि काही गोड घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते : यकृताची बाजू, रात्रीचे जेवण आणि पहाटेचा घास पाहा. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच गळल्यासारखे होते आणि मग आपोआप सावरते : त्याने निघण्याआधी पाऊण तास चहा-बिस्किटे किंवा ग्लुकोजचे पाणी घेतले होते का ते विचारा. तेव्हा वर गेलेले इन्सुलिन आणि धावणारे स्नायू दोघे मिळून रक्तातली साखर ओढतात. बहुतेकांना ते जाणवतही नाही, काहींना मात्र चांगलेच जाणवते. आणि वेग तोच असताना नाडी सतत चढत जात असेल, तर तो मुंबईच्या दमट हवेचा आणि पाण्याचा विषय आहे. त्यावर कर्बोदकांचा उतारा नाही.

या बाईंसाठी बदल साधा आहे. रात्रीच्या ताटात वाटीभर भात (सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके), दुपारी किंवा रात्री एक ज्वारीची भाकरी (३० ते ३५), आणि निघण्यापूर्वी एक मध्यम केळे (२५). तूट भरली. ‘पण वजन?’ हा प्रश्न लगेच येणार, आणि तो टाळू नये. वजन उतरवायचे असेल तर कपात न धावण्याच्या दिवशी करा, किंवा पनीर-सुक्यामेव्यातून करा. धावेच्या आदल्या रात्रीच्या ताटातून करू नका. एकादशी किंवा संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वेगाचा सराव ठेवणारे प्रशिक्षकही आहेत. उपास राजगिरा-साबुदाण्याचा असेल तर गोष्ट वेगळी, पण निरंकार असेल तर तो सराव एक दिवस पुढे ढकलावा.

निघण्यापूर्वीचे गणित वेळेवर ठरते. दोन-अडीच तास हाताशी असतील, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी, तर किलोमागे १ ते दीड ग्रॅम : जॅम लावलेला ब्रेड, इडल्या, पोहे. तेल कमी, खोबरे आणि शेंगदाणे जवळजवळ नाहीत, म्हणजे पोट वेळेत रिकामे होते. साबुदाण्याची खिचडी मात्र धाव संपल्यावरच. रोजच्या पहाटे दोन तास आधी कोण उठणार? तेव्हा १५ ते २५ ग्रॅम, आणि निघायच्या पाच-दहा मिनिटे आधी किंवा शरीर गरम करताना : केळे, किंवा पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर. इतक्या उशिरा घेतले की इन्सुलिन चढायच्या आत धाव सुरू होते आणि वर सांगितलेली गळती बहुधा टळते. जो उपाशीपोटी गप्पा मारत तासभर आरामात धावतो आणि ज्याला काहीच त्रास नाही, त्याला केळे सक्तीने खायला लावण्याचे कारण नाही.

आता धावतानाचा भाग. इथला पुरावा मजेशीर आहे. २००४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात कार्टर, युकेन्ड्रप आणि जोन्स यांनी नऊ सायकलपटूंना तासाभराच्या शर्यतीत माल्टोडेक्स्ट्रिनच्या साडेसहा टक्क्यांच्या आसपासच्या पाण्याने मध्ये-मध्ये पाच सेकंद चूळ भरायला लावली. गिळायचे नाही, थुंकायचे. वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. त्याच संशोधकांनी ग्लुकोज थेट शिरेतून दिले तेव्हा मात्र काही फरक पडला नव्हता. म्हणजे फायदा स्नायूंत पोचलेल्या इंधनाचा नव्हता. २००९ मध्ये तिथल्याच चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे चित्रण करून दाखवले की, तोंडात कर्बोदक आले की प्रेरणेशी आणि हालचालीशी संबंधित भाग जागे होतात. कृत्रिम गोडव्याने ते होत नाही, आणि जवळजवळ बेचव माल्टोडेक्स्ट्रिनने होते. पण त्याच वर्षी बीलन आणि सहकाऱ्यांनी न्याहारीनंतर दोन तासांनी हाच प्रयोग केला तेव्हा परिणाम दिसला नाही. तेव्हा चुळीचा उपयोग मुख्यतः उपाशीपोटी, जोर लावून धावणाऱ्याला, आणि तोही थोडा. आरामाच्या धावेत तो शून्य धरा.

व्यवहारात याचा अर्थ इतकाच : दहा किलोमीटरच्या स्पर्धेत ज्याला काही हवेच आहे त्याने २०० मिलिलिटर पाण्यात अडीच चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालून ठेवावे, आणि अर्ध्यानंतर दर दहा मिनिटांनी एक घोट तोंडात क्षणभर धरून गिळावा. थुंकण्याची गरज नाही, आपल्या रस्त्यांवर तेवढे पुरेसे होते. जेलच हवे असेल तर अर्धे, आणि पाण्याबरोबर. पाण्याशिवाय घेतलेले घट्ट जेल पोटात पाणी ओढते आणि ढवळते, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

ओआरएसबद्दल एक गैरसमज इथेच काढू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पेलाभर ओआरएसमध्ये पाऊण चमचाही साखर नाही. ते अतिसारासाठी बनले आहे. पाण्यात विरघळवायच्या क्षारांच्या गोळ्यांत तर इंधन जवळजवळ नसतेच. ‘मी इलेक्ट्रोलाइट घेतो’ म्हणजे ‘मी कर्बोदके घेतो’ नव्हे, हे धावणाऱ्याला एकदा समजावून द्यावे लागते.

वरचे काहीही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेहींना तसेच्या तसे लागू नाही. आपल्या गटांत असे धावपटू कमी नाहीत. त्यांची धाव, औषधाची वेळ आणि पहाटेचा घास हे तीन एकत्र त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचे. चाळिसाव्या मिनिटाची थरथर त्यांच्यासाठी ग्लुकोमीटरने तपासण्याची गोष्ट आहे, आणि खिशात साखर असल्याशिवाय त्यांनी निघू नये.

प्रशिक्षकांना आणि आहारतज्ज्ञांना म्हणून एक विनंती. नव्या धावपटूच्या पहिल्या भेटीच्या कागदावर ‘धावताना काय घेता’ याच्या वर दोन ओळी वाढवा : काल रात्री काय जेवलात, आणि परवा रात्री काय. त्या दोन ओळी भरून येईपर्यंत जेलचे नाव लिहून देऊ नका.