पाटीवरची काकडी

सोलापूरच्या भवानी पेठेत एखाद्या महादेवाच्या देवळात महामृत्युंजय मंत्राची पाटी दिसली, तर फोटो काढा आणि त्यात ‘उर्वारुक’ शोधा. उर्वारुक म्हणजे चक्क काकडी! पुढचं ‘बंधन’ म्हणजे साखळदंड नव्हे, वेलीचा देठ. काकडी देठापासून सुटते, तसा मी मृत्यूपासून सुटावा, एवढाच शब्दार्थ. ‘पिकलेली काकडी’ असं आजी सांगते, पण ‘पिकलेली’ हा शब्द मंत्रात नाहीच. तो आणि ‘संसारातून मोक्ष’ हा भावार्थ; वहीत वेगळ्या ओळीत लिहा.

आता शेवटचं ‘मामृतात्’. घाईत ‘मृत’ दिसतं ना? फोड करा: मा + अमृतात्, म्हणजे ‘अमृतापासून नको’. अर्थ पार उलटला की नाही! काही पाट्यांवर मध्ये ‘ऽ’ असतो. फोटोत तो रंगाचा डाग वाटला, तर मोठा करून बघा.