बांध हलला नाही, मग जमीन वाढली कशी?



या अंकात पहिल्यांदा आपलीच चूक कबूल करायची आहे. मागच्या मोजणीत एका पाड्यावरचा फॉरेस्ट प्लॉट आपल्याच पोरांनी मोजला. जीपीएस मशीन घेऊन सहा कोपरे फिरले, आकडे वहीत उतरवले, रात्री बसून हिशोब केला आणि दाव्याच्या कागदावर लिहिलं : ४ हेक्टर ८ आर. कागद परत आला. वनहक्क कायद्यात कसत असलेल्या जमिनीची मर्यादा ४ हेक्टर आहे, तुमचा दावा त्याच्या वर जातो, फेरतपासणी करा. प्लॉटवाल्या आजी नातवाला घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "आमची जमीन चारच्या आत आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. बांध तर हलला नाही, मग कागदावर वाढली कशी?"

त्याच सहा कोपऱ्यांचे तेच आकडे घेऊन पुन्हा बसलो. जमीन भरली ३ हेक्टर ८४ आर. मशीन चुकलं नव्हतं, फिरणारे चुकले नव्हते. चुकला होता तो वहीतला हिशोब. ही चूक दुसऱ्या गावांतही होत असणार, म्हणून नीट सांगतो.

मशीन जमिनीचं क्षेत्र मोजत नाही. तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात तेवढंच ते सांगतं. दोन आकडे देतं : उत्तरेकडचा म्हणजे अक्षांश आणि पूर्वेकडचा म्हणजे रेखांश. हे आकडे मीटरमध्ये नसतात, अंशात असतात. आपण काय केलं, तर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर असं शाळेत ऐकलेलं दोन्हीकडे लावलं. तिथेच घोटाळा झाला.

कलिंगड समोर ठेवून बघा. देठापासून बुडाकडे जाणारे पट्टे मधोमध रुंद असतात आणि देठाकडे जाताना अरुंद होत होत एकत्र मिळतात. रेखांशाच्या रेषा अशाच आहेत. विषुववृत्तावर दोन रेषांमध्ये एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर अंतर असतं, उत्तर ध्रुवावर काहीच उरत नाही. आपण मधे कुठेतरी आहोत. २० अंशाची रेषा नाशिकवरून जाते, डहाणूच्या जवळून जाते, पूर्वेला गडचिरोली जिल्ह्यातून जाते. तिथे उत्तर-दक्षिण एक अंश ११०.७ किलोमीटरचा आहे, पण पूर्व-पश्चिम एक अंश फक्त १०४.६५ किलोमीटरचा. दोन्ही सारखे धरले की प्रत्येक शेत पूर्व-पश्चिम ताणलं जातं आणि शंभरात सहा वाढतं. सगळ्यांचं वाढतं, नेहमी वाढतंच, कधी कमी होत नाही. म्हणून दोनदा-तीनदा फिरून मोजलं तरी ही चूक निघत नाही.

यावर उपाय जुनाच आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या अनेक रीती आहेत, त्यांना प्रक्षेपण म्हणतात. काही रीती आकार जपतात आणि क्षेत्र बिघडवतात. मोबाईलवर रस्ता दाखवणारे नकाशे बहुतेक याच जातीचे. त्या नकाशाच्या कागदावर थेट मोजलं तर आपल्याकडे जमीन शंभराला जवळजवळ चौदा जास्त भरते. दुसऱ्या रीती आकार थोडा वाकडा होऊ देतात, पण क्षेत्र जसंच्या तसं ठेवतात. त्यांना समक्षेत्र प्रक्षेपण म्हणायचं. जमिनीच्या हिशोबाला हीच रीत पाहिजे. त्यातली सगळ्यात सोपी अशी : प्रत्येक अक्षांशावरची आडवी पट्टी तिच्या खऱ्या लांबीइतकीच काढायची. आपलं शेत एवढंसं असतं की त्याला एकच पट्टी पुरते. म्हणून हे काम वही, पेन आणि साध्या कॅल्क्युलेटरवर होतं.

मशीनवर दशांश अंश लावा, म्हणजे २०.०१२०० असा आकडा दिसेल, टिंबानंतर पाच घरं. २० अंश ० मिनिटं ४३.२ सेकंद हीच ती जागा, पण लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. अंश-मिनिटांचा आकडा दशांश समजून लिहिला तर सगळं वाया जातं. पाचव्या घरातला एक आकडा २० अंशावर उत्तर-दक्षिण १.१०७ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.०४६५ मीटर असतो. दोन्हींचा गुणाकार १.१५८५. म्हणजे अंशांच्या कागदावरचं एक बारकं घर जमिनीवर १.१५८५ चौरस मीटर भरतं. सगळी किल्ली या आकड्यात आहे.

आता हिशोब करू. आजींच्या शेताचंच माप, पण कोणाचं शेत ते कळू नये म्हणून जागा बदलून घेतली आहे. कोपरे ज्या क्रमाने फिरलो त्याच क्रमाने, आधी अक्षांश, मग रेखांश :

१) २०.०१२००, ७३.३०१००
२) २०.०१२१०, ७३.३०२६०
३) २०.०१२९०, ७३.३०३००
४) २०.०१३३०, ७३.३०२३०
५) २०.०१४३०, ७३.३०२५०
६) २०.०१४१०, ७३.३०११०

प्रत्येक आकड्यातून पहिल्या कोपऱ्याचा आकडा वजा करा आणि टिंब विसरा. आता पूर्वेकडचा आकडा आधी लिहू, मग उत्तरेकडचा. पहिला कोपरा ०, ०. दुसरा १६०, १०. तिसरा २००, ९०. चौथा १३०, १३०. पाचवा १५०, २३०. सहावा १०, २१०. कागदावर मांडलं तर दिसेल की चौथ्या कोपऱ्याजवळ शेत आत दबलेलं आहे. तिथे नाला आहे.

पुढे दोन-दोन कोपऱ्यांची जोडी घ्यायची. या कोपऱ्याचा पूर्व गुणिले पुढच्याचा उत्तर, त्यातून पुढच्याचा पूर्व गुणिले या कोपऱ्याचा उत्तर वजा. दुसरा-तिसरा : १६० × ९० म्हणजे १४,४००, वजा २०० × १० म्हणजे २,०००, राहिले १२,४००. तसंच तिसरा-चौथा १४,३००, चौथा-पाचवा १०,४००, पाचवा-सहावा २९,२००. पहिला-दुसरा आणि सहावा-पहिला या जोड्यांत शून्य आहे, त्यांचं उत्तर शून्यच. बेरीज ६६,३००, तिचं अर्धं ३३,१५०. एवढी बारकी घरं शेतात मावतात. (उलट्या दिशेने फिरला असाल तर बेरीज वजा येईल, वजाचं चिन्ह सोडून द्या.)

३३,१५० गुणिले १.१५८५ बरोबर ३८,४०४ चौरस मीटर, म्हणजे ३ हेक्टर ८४ आर. एकरात साडेनऊच्या आसपास. आपल्या पोरांनी १.१५८५ च्या जागी १.११ × १.११ धरलं, म्हणून ४ हेक्टर ८ आर आले. रस्त्याच्या नकाशाच्या कागदावर मोजलं असतं तर ४ हेक्टर ३७ आर दिसले असते.

प्रत्येक गावाला १.१५८५ चालणार नाही. १८ अंशाजवळ १.१७२ धरा, १९ ला १.१६५५, २१ ला १.१५१, २२ ला १.१४३. तुमच्या अक्षांशाला जो जवळचा असेल तो घ्या.

कोणी म्हणेल, कागदावर जास्त लागलं तर बरंच की! नाही. मर्यादेच्या काठावरच्या माणसाचं काय होतं ते वर पाहिलं. आणि छोट्या प्लॉटवाल्याचंही नुकसानच आहे. सगळ्या गावाचे दावे शंभराला सहा फुगले की शेजाऱ्याचा बांध आपल्या कागदात येतो, बेरीज जागेवरच्या जमिनीशी जुळत नाही, आणि मग एका चुकीच्या बोटाने पूर्ण गावाची मोजणी खोटी ठरवायला वाट मिळते.

हिशोब बरोबर असूनही आकडा फसतो तो फिरण्यात. नाल्याचा चौथा कोपरा आळसाने सोडला, तर हेच शेत ४ हेक्टर २९ आर दिसतं, कारण नाल्याची जागा आत येते. चौथा आणि पाचवा कोपरा लिहिताना उलटसुलट झाले, तर शेताचा आकारच बदलतो आणि ३ हेक्टर ५० आरच उरतात. म्हणून आधी आकृती काढून बघा. शेतधन्याला ती ओळखू आली तरच गुणाकाराला बसा.

मशीनचीही चूक असते. उघड्यावर तीन ते पाच मीटर, झाडीखाली जास्त. सगळे कोपरे एकाच बाजूला सरकले तर क्षेत्र बदलत नाही, पण प्रत्येक कोपरा वेगवेगळा पाच मीटर हलला तर एवढ्या प्लॉटमध्ये दहा-पंधरा आरांचा फरक सहज पडतो. ही चूक कधी वर कधी खाली जाते, म्हणून वेगळ्या दिवशी दुसरी फेरी मारून सरासरी घेतली की ती कमी होते. दहा गुंठ्यांच्या तुकड्याला मात्र मशीनवर विसंबू नका, टेपच लावा.

टेपवरून आठवलं. डोंगरउतारावर दोरी टाकून मोजलं की मशीनपेक्षा जास्त भरतं आणि लोकांना वाटतं मशीनने जमीन खाल्ली. दोरी उतारावरून जाते, पण कागदावर आडवी सपाट जमीन धरतात, सातबाऱ्यावरही तशीच. २० अंशाच्या उताराला उताराच्या दिशेची लांबी शंभराला सहा कमी होते. टेप आडवा ताणून, पायरी-पायरीने मोजा, मग ताळा बसेल.

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलांसाठी : QGIS मध्ये `area($geometry)` थर ज्या प्रक्षेपणात आहे त्यातच मोजतं, म्हणून थर EPSG:3857 मध्ये असला तर फुगलेला आकडा देतं. थर आधी EPSG:6933 मध्ये आणा, ते समक्षेत्र आहे. नाहीतर प्रोजेक्टला WGS84 लावून `$area` वापरा. यूटीएमवर काढलेला आकडाही चालेल, चार हेक्टरला एका आराइतकाही फरक पडत नाही. पण ७८ रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३ आणि पूर्वेला ४४, हे चुकवू नका. वर दिलेले सहा कोपरे टाकून बघा. ३ हेक्टर ८४ आर आलं नाही तर सेटिंग चुकलं आहे.

आजींचा कागद आता नव्याने तयार आहे. त्यात नुसता हेक्टरचा आकडा नाही. सहाही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, हाताने काढलेली आकृती, शेजाऱ्यांच्या सह्या-अंगठे, कोणत्या रीतीने क्षेत्र काढलं त्याची एक ओळ आणि वनहक्क समितीचा पंचनामा, असं सगळं जोडलं आहे. मशीनचा आकडा इतर पुराव्यांना जोड म्हणून आहे, त्यांच्या जागी नाही, हे २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिलेलं आहे. तेव्हा जुनी दंडाची पावती आणि म्हाताऱ्यांचा जबाब फाईलमधून काढू नका.

ज्या गावांनी आमच्या जुन्या रीतीने हिशोब करून दावे टाकले, त्यांनी वही घेऊन कार्यालयात यावं. कोपऱ्यांचे आकडे जपून ठेवले असतील तर पुन्हा शेतात जायची गरज नाही, एका बैठकीत वीस-पंचवीस प्लॉट होतात. ज्यांनी फक्त हेक्टर लिहून कोपरे फेकून दिले, त्यांना मात्र पुन्हा फिरावं लागेल.