टॅक्सीच्या टपावरून

दिवाळीच्या साफसफाईत जुना अल्बम हाती लागला की एक प्रश्न हमखास पडतो. फोटो दुबईचा की अबुधाबीचा, आणि कधीचा? मागे तारीख नाही, आईबाबांचं एकमत नाही. अशा वेळी माणसांच्या मागे, रस्त्यावर काय उभं आहे ते पाहा.

आपल्याकडे पोलीस आणि टॅक्सी या गोष्टी प्रत्येक अमिरात स्वतः बघते. म्हणून गाडीचा रंग देशाआधी अमिरात सांगतो. दुबईची टॅक्सी वाळूच्या रंगाची. टप लाल असेल तर ती दुबई टॅक्सीची. निळे, पिवळे, हिरवे टप इतर कंपन्यांचे. गुलाबी टप म्हणजे महिला चालक असलेली लेडीज टॅक्सी. अबुधाबीची टॅक्सी चंदेरी, वर पिवळी पाटी. दुबई पोलिसांची गाडी पांढरी-हिरवी. ॲम्ब्युलन्सवर रंगापेक्षा नाव वाचा: दुबईची सेवा वेगळी आहे, तर शारजापासून फुजैरापर्यंतच्या उत्तरेकडच्या अमिरातींत ‘नॅशनल ॲम्ब्युलन्स’ धावते.

आता वर्ष. अबुधाबीत हे काम सोपं आहे, कारण तिथे रंग बदलले. पूर्वीच्या टॅक्सी पांढऱ्या-सोनेरी होत्या. चंदेरी आल्या 2007 मध्ये. पोलिसांच्या गाड्या पांढऱ्या-लाल होत्या. 2017 च्या अखेरीस त्यांना निळ्या पट्ट्यांचं नवं रूप मिळालं. समजा, कॉर्निशवरच्या फोटोत तुम्ही बाबांच्या खांद्यावर आहात, मागे चंदेरी टॅक्सी आणि लाल पट्ट्याची पोलीस गाडी आहे. टॅक्सी सांगते, 2007 च्या आधीचा नाही. पोलीस गाडी सांगते, फार तर 2017 च्या आसपासचा. उरलेलं तुमच्या दातांवरून ठरवा.

एक खबरदारी मात्र घ्या. नवी गोष्ट दिसली तर ‘याआधीचा नाही’ असं ठामपणे म्हणता येतं. जुनी दिसली म्हणून ‘यानंतरचा नाही’ असं म्हणता येत नाही, कारण जुन्या गाड्या एका रात्रीत जात नाहीत. सोनेरी टॅक्सी चंदेरींच्या बरोबरीने काही वर्षं धावत होत्या. मुंबईचंच बघा: शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 ची, पण ती रस्त्यावरून गेली ऑक्टोबर 2023 मध्ये. म्हणजे काळी-पिवळी पद्मिनी फोटोत आहे एवढ्यावरून तो नव्वदच्या दशकातला ठरत नाही; 2023 पर्यंतच्या कुणाच्या तरी सुट्टीतल्या मुंबईवारीचाही असू शकतो.

आणि एकट्या रंगावर निकाल देऊ नका. पिवळसर उन्हात वाळूचा रंग आणि पांढरा सारखेच दिसतात. फोटो मोठा करून दारावरची अक्षरं वाचा, नंबरप्लेटवर अमिरातीचं नाव शोधा. दोन खुणा जुळल्या, की मगच फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा: गाव आणि वर्ष. पुढच्या पिढीला पुन्हा टॅक्सी शोधत बसायला नको.